८८ टक्के, पण कशाचे?

सोनीपतच्या ओ. पी. जिंदाल ग्लोबल विद्यापीठात एलएलएमच्या एका विद्यार्थ्याने १८ मे २०२४ रोजी सत्रअखेरची परीक्षा दिली. २५ जूनला गैरप्रकार समितीने त्याला नापास ठरवले. कारण, त्याच्या उत्तरांतला ८८ टक्के मजकूर एआयचा असल्याचा निष्कर्ष. परीक्षा नियंत्रकांनीही तो निर्णय कायम ठेवला. विद्यार्थी पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयात गेला. उत्तरे माझीच आहेत, एआयचा वापर म्हणजे वाङ्मयचौर्य असे कोणत्या नियमात म्हटले आहे, आणि माझ्याविरुद्ध पुरावा तरी कुठे आहे, असे त्याचे म्हणणे होते. न्यायालयाने नोटीस काढली. नोव्हेंबरमध्ये विद्यापीठाने त्याला उत्तीर्ण ठरवल्याचे कळवले आणि याचिका निकाली निघाली.

विद्यार्थ्याची सुटका झाली. ८८ हा आकडा आला कुठून, त्याची छाननी मात्र न्यायालयात झालीच नाही.

पनवेल आणि खांदा कॉलनीच्या परिसरातली बहुतेक महाविद्यालये मुंबई विद्यापीठाशी संलग्न आहेत. इथल्या एखाद्या मुलीच्या प्रकल्पावर असा ठपका आला, तर घरात पहिला सल्ला कोणता मिळेल हे सांगायला ज्योतिषी नको. ‘सरांना भेट, माफीनामा लिहून दे, वर्ष वाचव.’ सल्ला मायेपोटीच असतो, पण घातक असतो. ज्या फाइलमध्ये एका टक्केवारीपलीकडे काही नसते, तिच्यातला सर्वांत भक्कम कागद म्हणजे विद्यार्थिनीने सहीनिशी दिलेला हा माफीनामाच ठरतो. म्हणून आरोपाबद्दल काही कबूल करण्याआधी फाइल मागावी. मागितली म्हणजे आरोप नाकारला असे होत नाही. जिने खरोखर एआय वापरला, तिलाही नेमका कशाचा ठपका आहे हे कळण्याचा तितकाच अधिकार आहे.

मागायचे काय? आधी अहवाल, आणि तो पूर्ण. ‘७० टक्के एआय’ असा मोबाइलवर काढलेला फोटो म्हणजे अहवाल नव्हे. टर्निटिनसारख्या प्रणालीत ही टक्केवारी संपूर्ण दस्तऐवजाची नसतेच. सलग गद्यातली जी वाक्ये तपासायला योग्य ठरतात, तेवढ्यांचीच असते. मुद्द्यांच्या याद्या, तक्ते, संगणकाचा कोड हिशेबात धरले जात नाहीत. असे गद्य किमान ३०० शब्दांचे असावे लागते. २० टक्क्यांच्या आतला निष्कर्ष भरवशाचा नसल्यामुळे आकड्याऐवजी चांदणीचे चिन्ह दाखवले जाते. शिवाय केवळ या आकड्यावरून विद्यार्थ्यावर कारवाई करू नये, अशी सूचना ही कंपनीच देते. समितीपुढे फक्त आकडा जातो, सूचना मागेच राहते. पूर्ण अहवाल हाती आला, तर कोणती वाक्ये रंगवली आहेत, एकूण किती शब्द तपासले आणि कोणत्या तारखेला तपासले, हे दिसते. तारखेला महत्त्व आहे, कारण ओळखण्याची पद्धत कंपनी वेळोवेळी बदलते. मार्चमधला आकडा जूनमध्ये तोच येईल याची खात्री नाही.

इथे एक गल्लत सर्रास होते. साम्य दाखवणारी टक्केवारी वेगळी आणि एआयची वेगळी. युजीसीच्या २०१८ च्या वाङ्मयचौर्यविषयक नियमावलीतले १०, ४०, ६० टक्क्यांचे टप्पे साम्याचे आहेत, म्हणजे मजकूर दुसऱ्या एखाद्या लेखनाशी किती जुळतो त्याचे. त्यात मूळ लेखन शोधून शेजारी ठेवता येते. एआयच्या टक्केवारीत शेजारी ठेवायला काहीच नसते. ती वाक्यांच्या घडणीवरून केलेली अटकळ असते. साम्यासाठी आखलेली शिक्षा या अटकळीला लावली असेल, तर ते अहवाल आणि निर्णय समोरासमोर ठेवल्यावर लगेच उघड होते. आणि ही अटकळ चुकतेही. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२३ मध्ये, इंग्रजी मातृभाषा नसलेल्या विद्यार्थ्यांचे ९१ टोफेल निबंध एआय ओळखणाऱ्या सात प्रणालींना दिले. सरासरी निम्म्याहून अधिक निबंध चुकून एआयचे ठरले. पनवेलची मुलगी इंग्रजीत लिहिते तेव्हा ती याच गटात मोडते.

दुसरी गोष्ट म्हणजे नोंदी. मूडलसारख्या प्रणालीत कोण केव्हा आत आले, फाइल केव्हा जमा झाली, हे नोंदले जाते. पण त्या नोंदींचा अर्थ ताणू नये. रात्री ११.५० ला फाइल चढवली म्हणजे ती रात्रीच लिहिली, असे सिद्ध होत नाही. आणि जुन्या नोंदी किती दिवस ठेवायच्या, हे संस्थेचा तंत्रज्ञ ठरवतो. म्हणून ठपक्याचे पत्र येताच ‘या प्रकरणातील सर्व नोंदी जतन कराव्यात’ असा दोन ओळींचा अर्ज देऊन पोच घ्यावी. स्वतःचे कच्चे मसुदे आणि गुगल डॉक्समधला बदलांचा इतिहासही तसाच ठेवावा. समिती तो मागेल, आणि मागावाच.

तिसरी गोष्ट, तक्रार करणाऱ्या शिक्षकाची लेखी टिपणी, समितीचे इतिवृत्त आणि काम दिले त्या दिवशी लागू असलेला नियम. २०२३ मध्ये टेक्सासमधल्या एका प्राध्यापकाने विद्यार्थ्यांचे निबंध चॅटजीपीटीलाच दाखवून ‘हे तू लिहिलेस का?’ असे विचारले होते. टिपणी वाचल्याशिवाय असला तपास झाला होता हे कुणाला कळणार?

ही मागणी पहिल्यांदा कारणे दाखवा नोटिशीच्या उत्तरातच करावी. ऐकून न घेता परीक्षार्थींचे निकाल रद्द करणे नैसर्गिक न्यायात बसत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने घनश्याम दास गुप्ता प्रकरणात १९६२ मध्येच सांगितले आहे. कशाबद्दल बोलायचे तेच माहीत नसेल, तर ऐकून घेण्याला अर्थ काय? महाविद्यालय अनुदानित असेल किंवा फाइल विद्यापीठाकडे गेली असेल, तर माहिती अधिकाराचा मार्ग आहे. ९ ऑगस्ट २०११ च्या सीबीएसई विरुद्ध आदित्य बंदोपाध्याय निकालाने स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क मान्य केला. एआय अहवालालाही तोच न्याय लागावा, असा युक्तिवाद त्यावर भक्कमपणे उभा राहतो. परीक्षकाचे नाव झाकले जाऊ शकते, त्यावर भांडू नये.

महाराष्ट्रात अशा अर्जाचा विषय एकच असावा आणि मजकूर साधारण १५० शब्दांत बसावा असा नियम आहे, शुल्क १० रुपये. ‘मला दोषी का ठरवले?’ असे विचारले, तर ‘माहिती उपलब्ध नाही’ एवढेच उत्तर येते, कारण अधिकारी अस्तित्वात असलेला कागद देतो, खुलासा देत नाही. म्हणून कागदाचे नाव घ्यावे: अमुक तारखेचा पूर्ण तपासणी अहवाल, तपासणीसाठी चढवलेली मूळ फाइल, समितीचे इतिवृत्त. ‘कंपनीचे व्यापारी गुपित’ हे कारण पुढे आले, तर गोपनीय भाग वगळून उरलेला द्यावा, अशी तरतूद कायद्यातच आहे.

पूर्णपणे खासगी, विनाअनुदानित संस्थेला मात्र हा कायदा थेट लागू होईलच असे नाही. तिथे मार्ग दोनच: विद्यापीठाकडे असलेल्या प्रती विद्यापीठाकडून मागणे, किंवा संस्थेच्या तक्रार निवारण समितीकडे जाणे. आणि माहिती अधिकाराच्या उत्तराला ३० दिवस मिळतात, समितीची सुनावणी कित्येकदा आठवड्याभरातच असते. त्यामुळे अर्जाची पोच जोडून सुनावणी पुढे ढकलण्याची लेखी विनंती त्याच दिवशी द्यावी. ती नाकारली, तर नकारही लेखीच मागावा. अपिलात तो कामी येतो.