काट्याखालचा कण

आज काही शिजवायचं नाही. ओटा पुसून कोरडा करा, पंखा बंद करा आणि वजनकाटा समोर ठेवून स्टुलावर बसा. काटा चारही पायांवर नीट टेकलाय ना, बोटाने हलवून बघा. खाली फडकं किंवा वर्तमानपत्र असेल तर काढून टाका. मग काटा चालू करा.

पडद्यावर शून्य येईल. त्या शून्याकडे थोडा वेळ नुसतं बघा.

हे शून्य पाहिलं की आपण निर्धास्त होतो. पण काट्यावर वाटी ठेवून तो चालू केला, तरी तो शून्यच दाखवतो. चालू होताना अंगावर जे काही असेल त्याला तो शून्य समजतो. जुन्या तराजूत रिकामी पारडी समान करायला एका बाजूला खडा टाकत, त्याला पासंग म्हणायचे. आपल्या काट्यावरचं `TARE` बटण म्हणजे तो पासंगाचा खडाच. पासंगाने पारडी सुरुवातीला समान होतात, एवढंच. पुढे दांडीच एका बाजूला लांब असेल, तर त्या खड्याला ते कळत नाही. म्हणून शून्य दिसलं म्हणजे काटा खरा, असं धरून चालू नका.

माझ्या काट्याचं शून्यही चोख होतं. बिघडले ते बेसनाचे लाडू. किलोभर बेसन, अर्धा किलो तूप, दरवर्षीचंच माप. पण या खेपेला मिश्रण कोरडं पडलं, लाडू वळेनात. तूप हलकं आलं म्हणून मी वाण्याला मनातल्या मनात बोल लावून मोकळी झाले. काट्याचा संशय आला तो दोन दिवसांनी.

संशय आला की लगेच बटणं दाबू नयेत. आधी काटा नेमका कसा चुकतो, ते बघावं. त्यासाठी खरी वजनं हवीत. मिठाचं किलोचं पाकीट चालेलसं वाटतं, पण एका पाकिटात 15 ग्रॅमपर्यंतची तफावत नियमात बसते, शिवाय पिशवीचं वजन वेगळं. नाणी वर्षावर्षाच्या घडणीनुसार हलकी-जड असतात. मी खाली भाजीवाल्या काकांकडे गेले.

"काका, तासाभरासाठी वजनं द्याल?"

"न्या की ताई. पण शिसं खरवडू नका, शिक्का आहे त्यावर."

लोखंडी वजनाच्या पोटात शिसं भरलेली एक खाच असते. वजन जुळवलं जातं ते तिथे, आणि वैधमापन निरीक्षकाचा शिक्काही तिथेच बसतो. तो दर दोन वर्षांनी पुन्हा मारून घ्यावा लागतो. तुम्हीही वजनं आणाल तेव्हा ती उलटी करून शिक्का बघा. तो पुसट किंवा फार जुना असेल, तर दुसरीकडे विचारा.

आता एकेक वजन काट्याच्या मधोमध ठेवा. आकडा स्थिरावू द्या, कागदावर लिहा, वजन उचला, शून्य परत येतंय का बघा आणि मगच पुढचं ठेवा. घाई नाही. माझ्या कागदावर हे उतरलं: 200 ला 199, 500 ला 497 आणि 1000 ला 958.

या तीन आकड्यांपाशी थोडं थांबा.

पहिल्या दोन वजनांना चूक किरकोळ आहे, आणि वजनाच्या हिशेबात आहे. त्याच चालीने किलोला सहा ग्रॅम कमी भरायला हवे होते. भरले बेचाळीस. म्हणजे पाचशेच्या पुढे कुठेतरी काहीतरी वेगळं घडत होतं. काटा हलक्या वजनाला जवळपास खरा आणि जड वजनाला खोटा होता.

असं का व्हावं, हे समजायला ताटलीच्या खाली मनाने उतरा. तिथे ॲल्युमिनियमची बोटाएवढी एक पट्टी आहे. तिचं एक टोक काट्याच्या तळाला घट्ट बसवलेलं आणि दुसरं टोक ताटलीला. वजन ठेवलं की पट्टी वाकते, डोळ्यांना दिसणारही नाही इतकी. तिच्यावर चिकटवलेल्या बारीक धातूच्या जाळ्या त्या वाकण्याने ताणल्या जातात, त्यांचा विद्युतरोध बदलतो आणि तो बदल मोजून काटा ग्रॅम सांगतो. या सगळ्याची एकच अट आहे. वरचा सगळा भार त्या पट्टीतूनच खाली गेला पाहिजे.

आता ताटली आणि तळ यांच्यामधल्या फटीत एक कण आहे असं समजा. रव्याचा दाणा, त्यावर सांडलेला पाक, त्यावर पीठ, आणि सगळं वाळून खडा झालेलं. हलकं वजन ठेवलं तर ताटली त्याच्यापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे आकडा बरोबर येतो. जड वजनाला ती थोडी अधिक खाली येते आणि कणावर टेकते. तिथून पुढचा थोडा भार कणातून थेट तळाला जातो. पट्टीला तो कळत नाही, म्हणून पडद्यावरही येत नाही.

लाडवांचं कोडं इथे सुटलं. बेसन मी जड पातेल्यात मोजलं होतं. पातेलं चारशे ग्रॅमचं. ते मी शून्य करून टाकलं, पण त्याचा भार ताटलीवर होताच. त्यामुळे बेसन जेमतेम दोन-सव्वादोनशे ग्रॅम पडलं तोवर ताटली कणावर टेकली आणि काटा कमी सांगू लागला. पडद्यावर 1000 येईस्तोवर मी नव्वदेक ग्रॅम बेसन जास्त ओतलं होतं. तूप लहान वाटीत मोजलं, ते मात्र जवळपास बरोबर आलं. काटा सगळीकडे एकाच प्रमाणात चुकला असता, तर दोन्ही जिन्नस सारखेच वाढले असते आणि लाडू बिघडले नसते. बिघडले ते काटा एका वजनाला एक आणि दुसऱ्याला दुसरं सांगत होता म्हणून.

आता तो कण शोधूया. काटा बंद करा, बॅटरी काढा. जाड कागदाची एक पट्टी कापा आणि ताटलीच्या कडेच्या फटीतून सावकाश फिरवत न्या. पट्टी सरकत राहील आणि एखाद्या जागी अडेल. माझी मागच्या डाव्या कोपऱ्यात अडली. ताटली सहज निघणारी असेल तर सरळ वर उचला. सुरीने उचकटू नका, कारण तो जोर थेट आतल्या ॲल्युमिनियमच्या पट्टीवर येतो. मऊ कोरड्या ब्रशने झाडा. चिकटलेलं असेल तिथे किंचित ओलं कापड धरा, मऊ पडू द्या, लाकडी दातकोरणीने सोडवा. काटा नळाखाली धरायचा नाही. खाली वर्तमानपत्र ठेवा, म्हणजे काय निघालं ते दिसेल.

पुन्हा तीन वजनं ठेवा. माझे आकडे 199, 497 आणि 994 असे आले. किलोचे छत्तीस ग्रॅम परत आले होते. उरलेली चूक तिन्ही वजनांना एकाच प्रमाणात होती, हजारामागे सहा.

त्यातही 994 स्थिर नव्हतं, मधूनच 993 किंवा 996 होत होतं. म्हणून आता बॅटरी बघूया. बॅटरी उतरली की काटा कमी वजन दाखवतो असा समज आहे. पण बहुतेक काट्यांमध्ये ज्या विद्युतदाबावर त्या जाळ्या चालतात, त्याच दाबाशी तुलना करून मोजणी होते, त्यामुळे बॅटरी हळूहळू उतरली तरी आकडा फारसा हलत नाही. ती अगदी संपत आली की मात्र आकडा भटकायला लागतो, पडदा फिकट होतो, `Lo` दिसतं. थोडक्यात, आकडा स्थिर असून चुकीचा असेल तर दोष बॅटरीचा नसण्याचीच शक्यता जास्त. आकडाच ठरत नसेल, तर बॅटरीकडे आधी बघा.

बॅटरीच्या खोबणीतल्या स्प्रिंगाही बघा. पांढरी भुकटी जमली असेल तर बॅटरी पाझरली आहे. व्हिनेगरचे दोन थेंब कापसावर घेऊन ती पुसा, पूर्ण वाळू द्या, मग नव्या बॅटऱ्या घाला, दोन्ही एकाच जातीच्या. मी तेच केलं. 994 आता जागचं हललं नाही.

स्थिर झालेली आणि सगळीकडे सारख्या प्रमाणात असलेली चूक हीच काय ती कॅलिब्रेशनने जाते. म्हणून त्याचा नंबर शेवटचा. काटा दहा मिनिटं ओट्यावर तसाच राहू द्या. बटणांची रीत काट्याकाट्यानुसार बदलते, ती माहितीपत्रकात बघा. बऱ्याच काट्यांत काटा बंद असताना `UNIT` किंवा `MODE` दाबून धरून चालू करावं लागतं. मग `CAL` येतं, आणि काटा त्याला हवं ते वजन मागतो. माझ्याने 2000 मागितलं. काकांचं दोन किलोचं वजन मधोमध ठेवलं, हात काढला, श्वास सोडला. `PASS` आलं. काही स्वस्त काट्यांत ही सोयच नसते. त्यांची चूक कागदावर लिहून काट्याच्या पोटाला चिकटवावी.

आता हा क्रम उलटा झाला असता तर, याचा विचार करा. कण आत असतानाच मी कॅलिब्रेशन केलं असतं, तर दोन किलोला काटा 1850 च्या आसपास मोजत असताना मी त्याला सांगितलं असतं, की यालाच 2000 म्हण. त्याने ते निमूट मानलं असतं, `PASS` ही दाखवलं असतं. आणि मग दोनशे ग्रॅमचे 215 झाले असते. तोवर बरोबर मोजली जाणारी हलकी वजनंही बिघडली असती. पुढे कधी कण निघाला असता, तर किलोचे 1075 भरले असते, आणि स्वच्छ काटा का चुकतो म्हणून मी डोकं धरून बसले असते.

एक मर्यादा मात्र लक्षात असू द्या. साफसफाईनंतरही तेच वजन चार कोपऱ्यांत ठेवून चार आकडे आले, किंवा वजन उचलल्यावर शून्य परत आलं नाही, तर काटा कधीतरी पडलाय आणि आतली पट्टी कायमची वाकलीय असं समजा. त्यावर कॅलिब्रेशनचा इलाज नाही.

शेवटचं एकदा तिन्ही वजनं ठेवली. 200, 500, 1000. उचलली, शून्य. वजनं पिशवीत घातली, काकांना परत द्यायला.

ओट्यावर वर्तमानपत्र तसंच होतं आणि त्यावर तो तपकिरी कण. नखाएवढाही नाही. चिमटीत धरून मी तो ताटलीच्या मधोमध ठेवला आणि वाट बघितली.

पडद्यावर शून्यच राहिलं.