उद्गारचिन्हाचा अधिकार

अ‍ॅमेझॉनचे संस्थापक जेफ बेझोस यांची एक सवय त्या कंपनीत सर्वांना ठाऊक होती. एखाद्या ग्राहकाची तक्रार त्यांच्या ईमेलवर आली की ती ते संबंधित अधिकाऱ्याकडे पाठवून देत आणि वर फक्त एक प्रश्नचिन्ह टाकत. नमस्कार नाही, नाव नाही, एक शब्दही नाही. ते चिन्ह पाहिलं की अधिकारी हातातली कामं बाजूला ठेवून तक्रारीच्या मुळाशी जात आणि सविस्तर उत्तर तयार करत. तेच चिन्ह नुकत्याच रुजू झालेल्या कर्मचाऱ्याने आपल्या वरिष्ठांना पाठवलं असतं, तर त्याच्या उद्धटपणाची चर्चा झाली असती. तक्रारीकडे कुणी पाहिलंही नसतं.

ईमेलमधली चिन्हं कशी वापरावीत यावर सल्ले पुष्कळ मिळतात, पण ते बहुतेक सगळे लिहिणाऱ्याला उद्देशून असतात. वाचणाऱ्याचंही काही कर्तव्य असतं, आणि तो वरच्या खुर्चीत असेल तर ते अधिक असतं, असं मला ठामपणे वाटतं. का, ते एका प्रसंगातून पाहू. प्रसंग कल्पित आहे, पण पुण्या-मुंबईच्या कचेऱ्यांत काम करणाऱ्यांना तो अनोळखी वाटणार नाही.

समजा, हिंजवडीतल्या एका कंपनीत नोकरीचं पहिलंच वर्ष असलेली एक मुलगी आहे. यंत्रं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरची चाचणी घेणं हे तिचं काम. ग्राहक जर्मनीतला एक कारखाना, प्रकल्पाची सूत्रं न्यू जर्सीतल्या एका व्यवस्थापकाकडे आणि तिचे स्वतःचे साहेब पुण्यात. सोमवारी दुपारी तिने जर्मन अभियंत्याला आपला पहिला ईमेल इंग्रजीतून लिहिला. बाकी दोघांना प्रत पाठवली. मजकुराचा आशय असा: ‘हाय! पीएफए चाचणी अहवाल. दोन चाचण्या फेल झाल्यात, आम्ही बघतोय :) ईओडीपर्यंत अपडेट देते!’

न्यू जर्सीच्या व्यवस्थापकाला यात काही वावगं वाटलं नाही. अमेरिकी कचेऱ्यांत उद्गारचिन्ह आनंदापेक्षा आपुलकी दाखवायला अधिक वापरलं जातं. कॅरल वासेलेस्की यांनी २००६ मध्ये ग्रंथालय क्षेत्रातल्या लोकांच्या लेखी चर्चांमधली २०० उद्गारचिन्हं तपासली, तेव्हा त्यांना हेच दिसलं. भावनेचा उमाळा दाखवणारी चिन्हं थोडी, मैत्रीचा सूर राखणारी पुष्कळ. आणि ती वापरणाऱ्यांत स्त्रिया जास्त.

जर्मन अभियंत्याला मात्र तो ईमेल खटकला. जिच्याशी कधी ओळख झाली नाही ती आडनावाशिवाय, नुसतं ‘हाय’ म्हणून सुरुवात करते. ‘पीएफए’ म्हणजे काय, ते त्याला उमगलं नाही. ‘सोबत जोडलं आहे’ हे सांगणारी ही तीन अक्षरं भारतीय कचेऱ्यांच्या अंगवळणी पडलेली आहेत, बाहेर ती फारशी कुणाला कळत नाहीत. सर्वांत जास्त खटकला तो हसरा चेहरा. दोन चाचण्या फसल्या आहेत आणि ही हसते आहे, म्हणजे हिला त्याचं गांभीर्य नाही, असा अर्थ त्याने लावला. मुलीच्या मनात होतं ते नेमकं उलटं. वाईट बातमी सांगताना समोरच्याला धीर वाटावा, म्हणून तिने ते चिन्ह टाकलं होतं.

पुण्याच्या साहेबांनी तिला बोलावून घेतलं. ‘अगं, क्लायंटला असं लिहितात का? पोरकट दिसतं ते.’

तिने धडा घेतला. पुढच्या ईमेलमध्ये उद्गारचिन्ह नाही, हसरा चेहरा नाही, फक्त तीन कोरडी वाक्यं. आता न्यू जर्सीहून साहेबांना विचारणा झाली, ‘ती कशावर नाराज आहे का?’ आणि त्याच आठवड्यात जर्मनीहून उत्तर आलं: कृपया शुक्रवारपर्यंत नोंदी पाठवा, आणि शेवटी ठसठशीत उद्गारचिन्ह. ग्राहक आपल्यावर चिडलाय असं समजून मुलगी रात्री उशिरापर्यंत काम करत बसली.

तो चिडलेला नव्हता. जर्मनमध्ये आज्ञार्थी वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह देण्याची रीत आहे. वाक्यात जोर नसेल तर हल्ली पूर्णविरामही चालतो, पण शाळेत मुरलेली सवय इंग्रजी लिहितानाही हातातून उतरते. जुन्या जर्मन पत्रांत ‘आदरणीय अमुक’ या मायन्यानंतरही उद्गारचिन्ह असे, आता तिथे स्वल्पविराम रूढ झाला आहे. रशियन औपचारिक पत्रात मात्र मायन्यापुढचं उद्गारचिन्ह आजही आदराची खूण मानलं जातं. म्हणजे जे चिन्ह पुण्यात पोरकट ठरलं आणि न्यू जर्सीत प्रेमळ, ते मॉस्कोच्या सरकारी पत्रात अगदी भारदस्त असतं.

संक्षेपाचंही असंच. जुन्या मराठी पत्रांत ‘सा. न. वि. वि.’ लिहिलं की साष्टांग नमस्कार पोचत असे. चि., सौ., ती. ही सगळी संक्षिप्त रूपंच, आणि त्यांनी कुणाचा अपमान झाला नाही, कारण पाठवणारा आणि घेणारा एकाच रिवाजात वाढलेले होते. संक्षेपात मुळात उद्धटपणा नाही. तो रिवाज ज्याला ठाऊक नाही, त्याच्या हाती पडला की तो उद्धट होतो किंवा निरर्थक तरी होतो.

‘ईओडी’ हे त्याचं सर्वांत महागात पडणारं उदाहरण. ‘दिवस संपेपर्यंत’ असं त्या मुलीने लिहिलं. पुण्यातला कामाचा दिवस संध्याकाळी साडेसहाच्या सुमारास संपतो. जर्मनीत पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे हिवाळ्यात रात्रीचे साडेनऊ झालेले असतात आणि त्यांच्या उन्हाळ्यात साडेआठ. न्यू जर्सीत पाच वाजतात तेव्हा आपल्याकडे पहाटेचे साडेतीन किंवा अडीच, तेही दुसऱ्या दिवशीचे. एकाच ईमेलमध्ये तीन वेगवेगळ्या वेळांचा शब्द दिला गेला, आणि तो मोडला की मोडणारी एकच. शिवाय ही तीन अक्षरं वरून आली तर पहाट कोणाची जाते, हे सांगायला नको. ‘एफवायआय’ही तसंच. साहेबांनी ते लिहून काही पुढे पाठवलं, तर त्यात ‘हे बघून निस्तरा’ असा आदेश दडलेला असतो. कनिष्ठाने तेच साहेबांना लिहिलं तर ‘मला शिकवतोय’ असं वाटण्याचा धोका असतो.

यावर अनुभवी माणसं म्हणतात की व्यवसायाच्या रीती नव्यांनीच शिकायला हव्यात. यात तथ्य आहे आणि त्याला पुरावाही आहे. एला ग्लिकसन, अरिक चेशिन आणि गेर्बेन व्हान क्लीफ या संशोधकांनी २०१७ मध्ये २९ देशांतल्या ५४९ जणांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. अनोळखी सहकाऱ्याच्या औपचारिक ईमेलमध्ये हसरा चेहरा असला तर तो माणूस अधिक प्रेमळ वाटत नाही, उलट कमी सक्षम वाटतो, असं त्यांत आढळलं. असा ईमेल मिळालेल्यांनी दिलेली उत्तरंही कमी तपशिलाची होती. लिहिणारा पुरुष की स्त्री हे सांगितलं नव्हतं, तेव्हा हसरा चेहरा पाहून वाचणारे ती स्त्री असावी असा अंदाज अधिक बांधत. पण मर्यादाही लक्षात घ्यायला हवी. हा निष्कर्ष पहिल्या ओळखीचा आणि औपचारिक प्रसंगाचा आहे. प्रसंग अनौपचारिक असेल तर त्याच चिन्हाचा तोटा तितका होत नाही. म्हणून त्या मुलीला मीही सांगेन की अनोळखी माणसाला लिहिलेल्या पहिल्या ईमेलमध्ये, आणि कुणाचं नुकसान सांगणाऱ्या कुठल्याही ईमेलमध्ये, हसरा चेहरा नको.

पण या प्रयोगातून दुसरीही गोष्ट दिसते, आणि तिच्याबद्दल कमी बोललं जातं. चेहरा दिसला म्हणून वाचणाऱ्यांनी कामाची माहिती कमी दिली. म्हणजे एका चिन्हावरून बांधलेल्या मताचा परिणाम प्रत्यक्ष कामावर झाला. तो निर्णय वाचणाऱ्याचा होता. आपल्या प्रसंगात अहवाल बरोबर होता, दोष वेळेत सापडले होते, लपवलेलं काहीच नव्हतं. तरी जर्मन अभियंत्याच्या आणि साहेबांच्या मनात उरली ती दोन उद्गारचिन्हं आणि एक हसरा चेहरा.

हे ओझं सगळ्यांवर सारखं पडत नाही, हा यातला खरा अन्याय. तिचे साहेब दिवसभर ‘ओके’, ‘नोटेड’ अशी एका शब्दाची उत्तरं पाठवतात आणि कुणी त्यांच्या स्वभावाची चौकशी करत नाही. ती तीन ओळी लिहायला वीस मिनिटं घेते, चिन्ह घालते, काढते, पुन्हा घालते. ही मेहनत कुठल्याच टाइमशीटमध्ये येत नाही. जपानमध्ये अलीकडे याची दुसरी बाजू चर्चेत आली. वरिष्ठांच्या संदेशातला वाक्याअखेरचा साधा पूर्णविराम तरुण कर्मचाऱ्यांना दरडावल्यासारखा वाटतो, आणि त्या भावनेला ‘मारुहारा’ असं नाव पडलं. त्यावर ‘आजची पोरं फार नाजूक’ असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण ज्याच्या हातात बढती आणि बदली असते, त्याचं एकेक टिंबही खालचे लोक निरखून वाचतात, हे पदाबरोबरच येतं आणि त्याची जाणीव पदावरच्या माणसाने ठेवायला हवी.

ती जाणीव कृतीत येते ती अशी. साहेबांनी मुलीला ‘पोरकट’ म्हणण्याऐवजी सांगायला हवं होतं की जर्मनीतल्या त्या कारखान्याशी आडनावाने बोलायचं, ‘पीएफए’ न लिहिता पूर्ण वाक्य लिहायचं, आणि त्यांच्या वाक्याअखेरच्या उद्गारचिन्हाला घाबरायचं नाही. एवढ्या माहितीने तिची रात्र वाचली असती. न्यू जर्सीच्या व्यवस्थापकाला ती नाराज वाटली, तर तिलाच विचारता आलं असतं; साहेबांमार्फत विचारल्यामुळे साधी शंका तिच्या नावावरची नोंद झाली. आणि मुदत देणाऱ्याने, विशेषतः वरून देणाऱ्याने, ‘मंगळवार, भारतीय वेळेनुसार दुपारी तीन’ असं लिहावं. मुदत घालणाऱ्याच्या घड्याळाचा हिशेब काम करणाऱ्याने करत बसावं, हे उचित नाही.

वार्षिक मूल्यमापनात ‘संवादकौशल्य’ नावाचा एक रकाना असतो. अशा मुलीच्या नावापुढे तिथे ‘सुधारणेस वाव’ असं लिहिणाऱ्या वरिष्ठाने आधी तिचे वर्षभरातले दहा ईमेल काढून वाचावेत. त्यांत चुकीची माहिती किती होती, अपुरी किती होती, उशिरा किती पोचली, ते मोजावं. त्या मोजणीत काहीच सापडलं नाही, तर तो शेरा खोडावा.