सोळावी धाव

१४ जुलै २०१९च्या रविवारी लंडनमध्ये दोन अंतिम सामने एकाच संध्याकाळी बरोबरीवर येऊन अडकले. लॉर्ड्सवर इंग्लंड आणि न्यूझीलंड यांच्यात क्रिकेटचा विश्वचषक, तर विम्बल्डनच्या सेंटर कोर्टवर फेडरर आणि जोकोविच. दोन्हीकडे कोंडी फुटली, दोन्हीकडे विजेता ठरला. पण ज्या न्यायाने ठरला तो न्याय मात्र एकमेकांच्या अगदी उलट होता. बरोबरी सोडवण्याच्या नियमांबद्दल जे काही विचार करण्यासारखं आहे, ते जवळजवळ सगळं त्या एका संध्याकाळी मांडून ठेवलेलं आहे.

आधी लॉर्ड्स. न्यूझीलंडने पन्नास षटकांत ८ बाद २४१ केल्या. इंग्लंडचा डाव शेवटच्या चेंडूवर २४१ धावांतच आटोपला. मग सुपर ओव्हर झाली. पाठलाग करणाऱ्या संघाने त्यात आधी खेळायचं असतं, म्हणून स्टोक्स आणि बटलर पुन्हा उतरले आणि त्यांनी बोल्टच्या षटकात १५ धावा काढल्या. आर्चरच्या षटकात न्यूझीलंडनेही वाइड धरून १५च केल्या. शेवटच्या चेंडूवर गप्टिल दुसऱ्या धावेसाठी पळाला आणि धावबाद झाला. आता चौकार-षटकार मोजले गेले. सामना आणि सुपर ओव्हर मिळून इंग्लंडचे २६ आणि न्यूझीलंडचे १७. विश्वचषक इंग्लंडला.

हाच धावफलक वेगवेगळ्या काळातल्या नियमांसमोर ठेवून पाहू. मार्च १९८७ मध्ये हैदराबादला भारत आणि पाकिस्तान दोघांनीही २१२ धावा केल्या होत्या. भारताचे सहा गडी बाद झाले होते, पाकिस्तानचे सात, म्हणून सामना भारताला दिला गेला. तो नियम लॉर्ड्सवर असता तर आठ गडी गमावलेला न्यूझीलंड सरळ जिंकला असता आणि सुपर ओव्हरची वेळच आली नसती. १९९९ च्या विश्वचषकात एजबॅस्टनच्या उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलिया आणि दक्षिण आफ्रिका २१३ वर अडकले. क्लूसनर आणि डोनाल्ड यांची ती धाव कोण विसरेल? तिथे आधीच्या सुपर सिक्स फेरीत वरच्या क्रमांकावर असल्यामुळे ऑस्ट्रेलिया अंतिम सामन्यात गेला. तो न्याय लावला तर कप इंग्लंडचा, कारण साखळीत इंग्लंड तिसरा होता, न्यूझीलंड चौथा. आणि ऑक्टोबर २०१९ मध्ये, म्हणजे त्या सामन्यानंतर तीन महिन्यांनी आयसीसीने केलेला नवा नियम आधीच असता, तर दुसरी सुपर ओव्हर झाली असती आणि निकाल काय लागला असता हे कुणालाच सांगता येणार नाही. खेळ तोच, धावा त्याच. विजेता मात्र नियमाच्या पुस्तकाचं कोणतं पान उघडलं यावर बदलतो.

न्यूझीलंडला हा नियम ठाऊक नव्हता असं मात्र नाही. स्पर्धेच्या नियमावलीत तो होता, आणि सुपर ओव्हरमध्ये आपल्याला पंधरा नव्हे, सोळा लागतात हे नीशम आणि गप्टिल यांना पक्कं माहीत होतं. म्हणून तर गप्टिल त्या दुसऱ्या धावेवर जीव तोडून पळाला. थोडक्यात, सुपर ओव्हर सुरू होण्यापूर्वीच इंग्लंडच्या खात्यात एक न दिसणारी धाव जमा होती. अन्याय झाला म्हणायचा तर तो या धावेत आहे. दोन संघ समान ठरले म्हणून त्यांना नव्या परीक्षेला बसवलं, आणि त्या परीक्षेत एकाला आधीच्या पेपरातले गुण वाढवून दिले!

ते गुण तरी कशाचे? समान धावा असताना एका संघाचे चौकार कमी असतील, तर त्याने उरलेल्या धावा पळून काढलेल्या असतात. लॉर्ड्सच्या त्या संथ खेळपट्टीवर एक-दोन धावा चोरणं हे चौकारापेक्षा हलकं काम होतं, असं कोण म्हणेल? क्रिकेटमध्ये चार धावा चारच असतात, मग त्या सीमापार जाऊन मिळोत की धापा टाकत. पन्नास षटकं खेळताना ‘आपले चौकार किती झाले’ असा हिशेब कुठलाही कर्णधार ठेवत नाही. ज्याच्यासाठी कुणी खेळतच नव्हतं, ते मोजून कप दिला गेला.

मग मागे वळून मोजणं हेच मुळात चूक आहे का? मला तसं वाटत नाही, आणि याचं उदाहरण आपल्या विदर्भाचं आहे. मार्च २०२५ मध्ये नागपूरला रणजी करंडकाचा अंतिम सामना विदर्भ आणि केरळ यांच्यात अनिर्णित राहिला. विदर्भाच्या पहिल्या डावात ३७९, केरळच्या ३४२. सदतीस धावांच्या त्या आघाडीवर करंडक विदर्भाला मिळाला. ही मोजणीही मागचीच. पण रणजी खेळणारा प्रत्येक जण पहिल्या चेंडूपासून या आघाडीसाठीच खेळत असतो. गोलंदाजी, क्षेत्ररचना, तळाच्या फलंदाजांची चिकाटी, सगळं तिच्याभोवती बेतलेलं असतं. त्यामुळे तिथे कुणाला फसवल्यासारखं वाटत नाही. अर्थात याचीही किंमत मोजावी लागते. आघाडी मिळालेला संघ दुसऱ्या डावात निवांत खेळत बसतो; विदर्भानेही शेवटच्या दिवशी ९ बाद ३७५ पर्यंत फलंदाजी केली आणि निकालाची ओढ केव्हाच संपून गेली होती. तरी मला हा नियम चौकारांच्या मोजणीपेक्षा कितीतरी प्रामाणिक वाटतो.

आता त्याच संध्याकाळचं सेंटर कोर्ट. जवळजवळ पाच तास चाललेल्या त्या सामन्यात फेडररने एकूण २१८ गुण जिंकले, जोकोविचने २०४. बिनतोड सर्व्हिस, थेट विजयी फटके, दोन्ही रकान्यांत फेडरर पुढे. लॉर्ड्सचा न्याय इथे लावला असता तर करंडक निर्विवाद त्याचा होता. पण टेनिसने मागचं काहीही मोजलं नाही. पाचव्या सेटमध्ये १२-१२ झाल्यावर टायब्रेक खेळवायचा, हा नियम विम्बल्डनने त्याच वर्षी आणला होता. त्यात दोघांनी शून्यापासून सुरुवात केली आणि जोकोविच ७-३ असा जिंकला. त्या सामन्यातले तिन्ही टायब्रेक त्याचेच. फेडररच्या चाहत्यांना हळहळ वाटली, आजही वाटते, पण ‘नियमाने लुटलं’ अशी ओरड फारशी ऐकू आली नाही. कारण टायब्रेकमध्येही सर्व्हिस होती, परतीचा फटका होता, नेटवर यायचं की नाही हा पेच होता. म्हणजे टेनिसच होतं, फक्त थोडं.

सुपर ओव्हरबद्दल असं म्हणता येतं का? अर्धंच. तिच्यात प्रत्येक संघाचे तीनच फलंदाज आणि एकच गोलंदाज. दोन गडी बाद झाले की डाव संपतो. पन्नास षटकांच्या सामन्याचा जीव असलेली गोष्ट, म्हणजे गडी राखून ठेवायचे की धोका पत्करायचा ही ओढाताण, तिच्यात नाहीच. फिरकी गोलंदाज क्वचितच दिसतो. पण चेंडू, फलंदाज आणि मैदानावरचे क्षेत्ररक्षक तरी खरे असतात. २००७ च्या पहिल्या टी-ट्वेंटी विश्वचषकात डरबनला भारत-पाकिस्तान सामना १४१ वर बरोबरीत सुटल्यावर जो बोल-आउट झाला, त्यात समोर फलंदाजच नव्हता. नुसत्या यष्ट्यांवर नेम धरायचा. सेहवाग, हरभजन आणि उथप्पा यांचे नेम लागले, पाकिस्तानच्या तिघांचे हुकले. आपण जिंकलो म्हणून आपल्याला तो प्रकार गोड वाटला, एवढंच.

वारंवार सुपर ओव्हर घेण्याचा नवा नियम न्याय्य आहे, पण त्याच्या चिरा खेळतानाच दिसतात. एक सुपर ओव्हर टाकलेला गोलंदाज पुढच्या ओव्हरला वापरता येत नाही आणि बाद झालेला फलंदाज पुन्हा येऊ शकत नाही. ऑक्टोबर २०२० मध्ये दुबईत मुंबई इंडियन्सच्या बुमराने पंजाबला पाच धावांत रोखलं, शमीने मुंबईलाही पाचच दिल्या. दुसऱ्या ओव्हरला हे दोघेही बाजूला बसले आणि पंजाब जिंकला. दोन्ही संघांचे सर्वोत्तम गोलंदाज बाहेर असताना लागलेला तो निकाल होता. जानेवारी २०२४ मध्ये बंगळूरुला अफगाणिस्तानविरुद्ध पहिल्या सुपर ओव्हरच्या शेवटच्या चेंडूआधी रोहित शर्मा, पळायला ताजा माणूस यावा म्हणून, स्वतःहून बाहेर गेला आणि दुसऱ्या ओव्हरमध्ये पुन्हा फलंदाजीला आला. तो ‘निवृत्त’ म्हणजे बाद धरायचा की नाही, यावर बरेच दिवस वाद चालला.

फुटबॉलची गोष्ट याहून जुनी आणि जास्त निष्ठुर. १९६८ च्या युरो स्पर्धेत इटली आणि सोव्हिएत संघ यांच्यातला उपांत्य सामना जादा वेळेनंतरही गोलशून्य राहिला आणि नाणेफेकीने इटली अंतिम फेरीत गेला. त्याच वर्षी ऑलिंपिकमध्ये इस्राएलचा संघ चिठ्ठीवर हरला. त्या चिठ्ठीच्या चिडीतूनच इस्राएलकडून पेनल्टी शूटआउटचा प्रस्ताव आला आणि १९७० मध्ये तो मान्य झाला. ‘पेनल्टी म्हणजे जुगार’ असं आपण सहज म्हणून जातो. पण ती आली खऱ्या जुगाराच्या जागी. त्याआधीची तीस मिनिटांची जादा वेळ मात्र अस्सल फुटबॉल असते, आणि तिचा दोषही तिच्या अस्सलपणातूनच येतो: पाय दमलेले असतात, म्हणून संघ जिंकण्यापेक्षा न हरण्यासाठी खेळतात. पहिला गोल होताच सामना संपवणारा ‘गोल्डन गोल’ यावर उपाय म्हणून आणला, तर भीती उलट वाढली. २००४ नंतर तो गेला.

शूटआउटमध्ये आधी मारणाऱ्याला फायदा होतो का, हा प्रश्नही गाजला. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पहिला संघ साठेक टक्के वेळा जिंकल्याचं दिसलं. पुढच्या, मोठ्या नोंदींच्या अभ्यासात तो फायदा बराच आटला. तरी खबरदारी म्हणून २०१७ मध्ये टेनिसच्या टायब्रेकचा क्रम उसना घेऊन पाहिला: पहिल्याने एक, मग दुसऱ्याने दोन, मग पहिल्याने दोन. प्रेक्षक आणि खेळाडू गोंधळले. प्रयोग गुंडाळला गेला.

या सगळ्यांत मला सर्वांत देखणा वाटतो तो आपल्या खो-खोचा तोडगा. गुण समान झाले की आधी जादा डाव होतो. तरीही बरोबरी राहिली तर लघुत्तम आक्रमण: दोन्ही संघांनी एकेकदा आक्रमण करायचं, पहिला गडी बाद होताच घड्याळ थांबवायचं, आणि ज्याला कमी वेळ लागला तो विजयी. इथे आठ जण पाटीवर बसलेले असतात, खो दिला जातो, दिशा पाळावी लागते, खांब असतात, हुलकावण्या असतात. खेळातलं काहीच वगळलेलं नसतं. संरक्षणाची तुकडीही खरी असते, त्यामुळे चांगल्या पळणाऱ्याने काढलेला प्रत्येक सेकंद त्याच्या संघाच्या कामी येतो. खोट एकच, आणि ती सुपर ओव्हरमध्येही आहे: दुसऱ्यांदा आक्रमण करणाऱ्याला किती सेकंदांत गडी टिपायचा हे आधीच कळलेलं असतं. त्या ज्ञानाने पाय हलके होतात की जड, हे मात्र मैदानावर बसलेल्या आठ जणांनाच विचारायला हवं.