करार शून्य, मग पैशांचे काय?

मुलाने मोबाइलवरच्या खेळात हजारो रुपये उडवले आणि आईवडील पैसे परत मागायला गेले, की बहुतेकदा एक साचेबंद उत्तर मिळते. खाते उघडताना ‘मी 18 वर्षांचा आहे’ या चौकटीत खूण केलेली आहे, सबब तक्रार चालणार नाही. याच्या अगदी उलट टोकाचा सल्लाही सर्रास दिला-घेतला जातो: वस्तू अज्ञान मुलाच्या नावावर उधारीने आणा, कायद्याने त्याचा करार शून्य असतो, त्यामुळे काहीच परत करावे लागत नाही. पहिल्या उत्तरात मुलाच्या एका खोट्या वाक्यावर सगळा व्यवहार पक्का होतो. दुसऱ्यात ‘शून्य’ या एका शब्दाने हातातला माल फुकटात पदरात पडतो. माझ्या मते दोन्हींच्या मुळाशी एकच चूक आहे. करार अमलात आणता येतो का, हा एक प्रश्न आहे. हातात आलेला लाभ परत करायचा का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर दिले की दुसऱ्याचे आपोआप मिळते, असे आपण गृहीत धरतो. कायद्याने ते कधीच गृहीत धरले नव्हते.

सुरुवातीचा भाग वादाचा नाही. 1872 च्या भारतीय करार कायद्याचे कलम 10 म्हणते की करार सक्षम व्यक्तींनी केलेला हवा. कलम 11 म्हणते की सक्षम तो, जो सज्ञान आहे, स्थिरबुद्धी आहे आणि कोणत्याही कायद्याने अपात्र ठरलेला नाही. मात्र सज्ञान नसलेल्याने सही केली तर त्या कराराचे नेमके काय होते, हे कायद्यात कुठेच स्पष्ट लिहिलेले नाही. इंग्लंडमध्ये अज्ञानाचे बरेचसे करार त्याला हवे तर मोडता येतील, अशा स्वरूपाचे मानले जात, आणि आपली उच्च न्यायालयेही बरीच वर्षे त्याच वाटेने गेली. 1903 साली प्रिव्ही कौन्सिलने मोहोरी बीबी विरुद्ध धर्मोदास घोष या खटल्यात ती वाट बंद केली. अज्ञानाचा करार मोडता येण्याजोगा नव्हे, तो मुळातच शून्य. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला हे पाठ असते. मला बोलायचे आहे ते त्याच निकालाच्या पुढच्या भागाबद्दल. तो भाग घाईने वाचला जातो आणि म्हणून चुकीचा सांगितला जातो.

वर्गात ही कथा साधारण अशी सांगतात: एका अज्ञान मुलाने वयाबद्दल खोटे सांगून सावकाराकडून 20,000 रुपयांचे कर्ज घेतले, घर गहाण टाकले, नंतर करार शून्य ठरला आणि पैसे बुडाले. खटल्यातली हकीकत यापेक्षा बरीच वेगळी आहे. धर्मोदासची आई न्यायालयाने नेमलेली त्याची पालनकर्ती होती. न्यायालयाने असा पालनकर्ता नेमला असेल तर त्या काळच्या कायद्यानुसार सज्ञानपणाचे वय 18 नव्हे, 21 होते. म्हणजे आपल्यासमोर शाळकरी मुलगा नाही, विशीतला तरुण आहे. कलकत्त्याचा सावकार ब्रह्मो दत्त त्या वेळी गावात नव्हता. त्याच्या वतीने सगळे काम ॲटर्नी केदारनाथ मित्तर पाहत होता. गहाणखताच्या पाच दिवस आधी, 15 जुलै 1895 रोजी, आईच्या ॲटर्नीने मित्तरला पत्र लिहून कळवले होते की धर्मोदास अज्ञान आहे आणि त्याला पैसे देणारा ते स्वतःच्या जबाबदारीवर देईल. तरीही 20 जुलैला गहाणखत झाले. त्याच दिवशी धर्मोदासकडून एक लांबलचक जबाबही लिहून घेतला गेला, की मी 17 जूनला सज्ञान झालो. प्रत्यक्षात किती रक्कम त्याच्या हाती पडली, हाही वादाचाच मुद्दा होता.

आईने त्याच सप्टेंबरमध्ये मुलाच्या वतीने गहाणखत रद्द करून घेण्यासाठी दावा लावला. सावकाराच्या बाजूने तीन मुद्दे आले आणि प्रिव्ही कौन्सिलने तिन्ही नाकारले. पण नाकारण्याची तीन कारणे तीन वेगळ्या जातीची आहेत, आणि सगळा गैरसमज तिथेच सुरू होतो.

पहिला मुद्दा असा, की त्याने स्वतः सज्ञान असल्याचे लिहून दिले, आता त्याला उलटे बोलता येणार नाही. यालाच पुराव्याच्या कायद्यात विबंध म्हणतात. न्यायालय म्हणाले की खरी गोष्ट दोन्ही बाजूंना माहीत असेल तर विबंध लागूच होत नाही. सावकाराचा प्रतिनिधी फसलेला नव्हता. त्याला पत्र मिळाले होते. म्हणजे खरोखर फसवणाऱ्या अज्ञानाचे काय करायचे, हा प्रश्न या खटल्याने सोडवला नाही, बाजूला ठेवला.

दुसरा मुद्दा करार कायद्याच्या कलम 64 आणि 65 चा. करार मोडला किंवा शून्य आढळला तर घेतलेला लाभ परत करा, असे ती कलमे सांगतात. न्यायालयाने म्हटले की ही कलमे सक्षम व्यक्तींमधल्या व्यवहारापुरती आहेत, अज्ञानाला ती लागत नाहीत. हे उत्तर तत्त्वाचे आहे आणि ते पुढच्या सगळ्या खटल्यांना बांधून ठेवते.

तिसरा मुद्दा स्पेसिफिक रिलीफ ॲक्टच्या कलम 41 चा. दस्त रद्द करून मागणाऱ्याला न्यायाच्या दृष्टीने योग्य ती भरपाई देण्यास न्यायालय सांगू शकते, असे ते कलम. इथे प्रिव्ही कौन्सिलने अधिकार नाही असे म्हटले नाही. खालच्या न्यायालयांनी आपल्या विवेकाधिकारात पैसे परत देण्याचा आदेश नाकारला होता, कारण पैसे देणाऱ्याला अज्ञानपणाची पूर्ण कल्पना होती. त्यात हस्तक्षेप करण्याचे कारण नाही, एवढेच प्रिव्ही कौन्सिल म्हणाले.

म्हणजे सावकाराचे पैसे बुडाले ते करार शून्य होता म्हणून नव्हे, त्याने जाणूनबुजून डोळे मिटले म्हणून. शून्यतेने त्याचा गहाणाचा हक्क गेला. पैसे परत मिळण्याची शक्यता त्याच्याच वागणुकीने गेली. ‘अज्ञानाकडून काहीच परत मिळत नाही’ असे या निकालातून काढणारे लोक तिसऱ्या मुद्द्याचे उत्तर दुसऱ्या मुद्द्याच्या शब्दांत वाचतात.

मग बाजूला ठेवलेला प्रश्न यथावकाश समोर आलाच. 1928 साली लाहोरच्या पूर्णपीठापुढे खान गुल विरुद्ध लाखा सिंग हा खटला होता. अज्ञानाने वय लपवून जमीन विकण्याचा करार केला, 17,500 रुपये घेतले आणि जमिनीचा ताबा दिला नाही. मुख्य न्यायमूर्ती शादीलाल यांच्यासह बहुमताने ठरवले की करार शून्य असला तरी फसवून घेतलेली रक्कम परत करावीच लागेल, मग अज्ञान वादी असो की प्रतिवादी. मुंबईच्या पूर्णपीठाने 1931 साली गदिगेप्पाच्या खटल्यात दुसरी बाजू पक्की केली: अज्ञानाने फसवून स्वतःला सज्ञान म्हटले असले, तरी अज्ञानपणाचा बचाव घेण्यापासून त्याला विबंधाने अडवता येत नाही. हे दोन निकाल परस्परविरोधी वाटतात, पण ते तसे नाहीत. पहिला लाभाबद्दल बोलतो, दुसरा कराराबद्दल. 1937 साली अलाहाबादच्या पूर्णपीठाने मात्र लाहोरचे मत मानले नाही. तिथला युक्तिवाद वजनदार आहे. वस्तू जशीच्या तशी हातात असेल तर ती परत करायला सांगणे ठीक, पण रोख रक्कम परत करायला सांगणे म्हणजे मागच्या दाराने तोच करार अमलात आणणे. इंग्लंडमध्ये 1914 च्या लेस्ली विरुद्ध शील या खटल्याने हीच सीमारेषा आखली होती.

आपल्या संसदेने 1963 साली या वादात निवड केली. विधी आयोगाने आपल्या नवव्या अहवालात लाहोरच्या बाजूने कौल दिला होता, आणि नव्या स्पेसिफिक रिलीफ ॲक्टचे कलम 33 तसे आले. आता अज्ञान स्वतः दस्त रद्द करून मागत असेल तर न्यायालय त्याला लाभ परत करायला सांगू शकते. आणि तो प्रतिवादी असून अज्ञानपणाच्या जोरावर दावा परतवून लावत असेल, तरीही सांगू शकते. मात्र या दुसऱ्या प्रसंगी कायद्याने एक मोजमाप घातले आहे: त्याला किंवा त्याच्या मालमत्तेला जेवढा लाभ झाला, तेवढ्यापुरतेच. अलाहाबादच्या भीतीला माझ्या मते हे मोजमापच उत्तर आहे. करारातली रक्कम वसूल होत नाही, त्याच्याकडे खरोखर जमा झालेला लाभ तेवढा परत जातो.

हे आकड्यांत पाहू. 17 वर्षांच्या मुलाने 80,000 रुपयांचा कॅमेरा घेतला, 20,000 रोख दिले, बाकीचे 60,000 व्याजासह हप्त्यांनी देण्याचे कबूल केले आणि हप्ते थांबवले. दुकानदार 60,000 आणि व्याजासाठी दावा लावतो. त्या रूपात दावा टिकणार नाही. व्याज तर निव्वळ वचनातून जन्मलेले, ते वचनाबरोबर जाते. पण कॅमेरा मुलाच्या घरी असेल तर न्यायालय तो परत द्यायला सांगू शकते आणि भरलेल्या 20,000 चाही हिशेब करू शकते. मुलाने तो 50,000 ला विकून कॉलेजची फी भरली असेल तर वस्तू गेली, लाभ मात्र त्याच्याकडे राहिला. तो 50,000 पर्यंत मोजता येईल, 60,000 पर्यंत नाही. तेच पैसे मित्रांबरोबर चार दिवसांत उडाले असतील तर त्याला वा त्याच्या मालमत्तेला काय लाभ झाला, हे दुकानदाराला दाखवता येणे अवघड. आणि आधार कार्डावरची जन्मतारीख पाहूनही त्याने उधारी दिली असेल, तर तो ब्रह्मो दत्तच्या जागी उभा आहे.

आता चौकटीतल्या खुणेकडे. तिने करार जिवंत होत नाही, एवढे गदिगेप्पापासून आपल्याकडे स्पष्ट आहे. ती खूण फार तर लाभ परत करताना विवेकाधिकारात तोलण्याची एक बाब. तिथेही वय तपासण्याची सोय असून ते न तपासणाऱ्याला ‘मी फसलो’ म्हणणे जड जावे. शिवाय पैसे आईवडिलांच्या खात्यातले असतील, तर पहिला प्रश्न मुलाच्या क्षमतेचा नसून पालकांनी अधिकार दिला होता का, हा आहे. पालकांनीही एक गोष्ट ओळखावी. स्वतःच्या पैशाने वस्तू घेऊन पुरेपूर वापरणाऱ्या अज्ञानाला, केवळ करार शून्य म्हणून, भरलेले पैसे परत मिळत नाहीत. 1889 च्या व्हॅलेंटिनी विरुद्ध कनाली या इंग्रजी खटल्यात फर्निचर वापरून झालेल्या तरुणाला तेच उत्तर मिळाले.

शून्यतेचा नियम मुलाला झुकते माप देतो, हेही नेहमी खरे नसते. मुंबईत एका अज्ञान अभिनेत्रीने चित्रपटातली भूमिका न मिळाल्याबद्दल प्रेम अदीब यांच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावला. वडिलांनी तिच्या वतीने केलेला तो करार शून्य ठरला आणि ती रिकाम्या हाताने परतली. इतका कठोर नियम न्याय्य राहायचा असेल तर त्याच्या शेजारी लाभाचा हिशेब स्वतंत्रपणे उभा असायला हवा. म्हणून अशा प्रत्येक खटल्यात न्यायालयाने तीन गोष्टी वेगवेगळ्या नोंदवाव्यात: समोरच्याला वय माहीत होते का, अज्ञानाच्या हाती नेमके काय आले आणि त्यातला किती लाभ त्याच्याकडे उरला. करार शून्य आहे एवढे लिहून थांबणारा निकाल अर्ध्या वादाचाच असतो.