फेस कोणाचा?

तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आठवीतल्या एका मुलीकडे कमला सोहोनींची ओळख करून द्यायचं काम होतं. ऐकणारी मुलं तिसरी-चौथीतली. तिने तक्ता झकास केला होता. जन्म १९११, केंब्रिजची पीएच.डी. १९३९. मुलं तक्त्याकडे ढुंकूनही न बघता शेजारच्या ज्वालामुखीकडे पळत होती.

शेवटी तिने तक्ता बाजूला सारला आणि एक बटाटा उचलला.

"हा बटाटा श्वास घेतो," ती म्हणाली.

मुलं थबकली.

"बांधकामावर घमेली हातोहात कशी जातात, पाहिलंय ना? बटाट्याच्या पेशीत तसेच इलेक्ट्रॉन पुढे जातात. शेवटी ते ऑक्सिजनपाशी पोचतात. त्यातून पेशीला ताकद मिळते. त्या रांगेतल्या एका गड्याचं नाव सायटोक्रोम सी. तो वनस्पतींतही असतो, हे कमलाबाईंनी बटाट्यावर काम करताना दाखवलं."

इथेच थांबली असती तर बरं होतं. पण गर्दी जमली की जीभ सैल सुटते. तिने बटाट्याच्या ताज्या कापावर हायड्रोजन पेरॉक्साइडचे दोन थेंब टाकले. पांढरा फेस फसफसून वर आला.

"हाच तो सायटोक्रोम!"

टाळ्यांचा कडकडाट झाला.

चौथीतल्या एका मुलाने डब्यातली उकडलेल्या बटाट्याची फोड पुढे केली. "ताई, यावर टाका ना."

तिने थेंब टाकले. फेस आलाच नाही.

"यातला गडी पळून गेला?"

तिने बाईंकडे पाहिलं. बाई हळूच म्हणाल्या, "अगं, फेस कॅटलेजमुळे येतो. ते पेरॉक्साइड फोडतं आणि ऑक्सिजन सुटतो. उकडलं की कॅटलेज बिघडतं. सायटोक्रोम सी बराच चिवट असतो, तो उष्णता सोसतो. फेसाशी त्याचा संबंध नाही."

मुलीचे कान लाल झाले. टाळ्या वाजवणारी मुलं अजून समोरच होती. गप्प बसली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता.

"मी आत्ता चुकीचं सांगितलं," ती म्हणाली. "हा फेस दुसऱ्याचा आहे. घमेल्यांचा गडी यात दिसत नाही."

"मग कमलाबाईंना कसा दिसला?" डब्यावाल्याने विचारलं.

"त्याच्यात लोह असतं, म्हणून तो लालसर असतो. पण बटाट्यात तो इतका थोडा, की नुसत्या डोळ्यांना कळत नाही. तो वेगळा काढून त्यातून उजेड जाऊ द्यायचा आणि त्या उजेडाचे इंद्रधनुष्यासारखे रंग पाडायचे. त्याच्याकडे इलेक्ट्रॉन असला तर हिरव्या रंगात बारीक काळी रेघ उमटते. तीच त्याची खूण."

"दाखवा की रेघ!"

"ते यंत्र आपल्याकडे नाही."

निम्मी मुलं ज्वालामुखीकडे वळली. डब्यावाला मात्र हलेना.

"पण ताई, रेघ हिरव्यातच का?"