अजून एक द्या ना

मनोरच्या नाक्यावर सकाळी विक्रमगडच्या बाजूने येणारा मोगरा दिसतो. पहाटे खुडलेल्या कळ्या दादरच्या बाजारात पोहोचवायच्या असतात. त्यामुळे खरेदी, विक्री आणि नफा हे शब्द इथल्या मुलांच्या कानांवर लहानपणापासून पडलेले असतात. तरीही सातवी-आठवीच्या वर्गात शेकडा नफ्याचा धडा आला की एक वाक्य हमखास ऐकू येतं: “बाई, अजून एक द्या ना.”

हे वाक्य ऐकून शिकवणारा बहुतेक वेळा लगेच फळ्याकडे वळतो आणि आकडे बदलून तसंच दुसरं उदाहरण लिहितो. पण मुलाला नेमकं काय हवं असतं? हात बसावा म्हणून त्याच साच्यातलं आणखी एक हवं असेल. आकडे मोठे झाल्याने गोंधळ उडाला म्हणून सोपं हवं असेल. कधी गोष्टच परकी वाटते. ठोक बाजारातून पंखा आणणारा दुकानदार पाड्यावरच्या मुलीने पाहिलेला नसतो, तिला मोगऱ्याची टोपली जवळची वाटते. कोसबाडच्या टेकडीवर ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बालवाडीसाठी शिंपले, बिया, पानं अशी आसपासचीच साधनं वापरली ती याचसाठी. आणि कितीतरी मुलं ‘समजलं नाही’ म्हणायला लाजतात. त्यांच्या तोंडी त्याऐवजी हेच वाक्य येतं.

आमच्या वर्गातल्या एका मुलीचं पाहा. 500 रुपयांना घेतलेली टोपली 600 ला विकली, तर नफा 100 रुपये, म्हणजे शेकडा 20, हे तिने झटकन सांगितलं. मग उलटं विचारलं: टोपली 600 ला विकली आणि शेकडा 20 नफा झाला, तर खरेदी किती? तिने 600 चे वीस टक्के काढले, 120, आणि उत्तर लिहिलं 480. फळ्यावर रीत दाखवली. खरेदी 100 धरली तर विक्री 120. 120 ला 100, तर 600 ला 500. मान डोलावून ती म्हणाली, “अजून एक.”

इथे विक्री 720 घेऊन तेच विचारता आलं असतं. तिने रीत गिरवून 600 उत्तर काढलंही असतं, आणि अडलेलं तसंच राहिलं असतं. म्हणून आधी तिलाच म्हटलं, “असंच एक तू तयार कर.” तिने लिहिलं: विक्री 1000, नफा शेकडा 20. आकडा मोठा बोलका होता. 1000 मधून वीस टक्के वजा केले की सरळ 800 येतात, म्हणून तो निवडलेला. खऱ्या रीतीने गेलं तर खरेदी 833 रुपये आणि वर पैशांचा न संपणारा अपूर्णांक येतो. ज्याला खरेदीपासून सुरुवात करायची हे उमगलं आहे, तो आधी खरेदी मनात धरतो आणि मग विक्रीचा आकडा देतो. ही मुलगी अजून विक्रीवरच टक्के काढत होती, हे तिच्या एका आकड्यावरून कळलं.

तिला हवं होतं ते फरक दाखवणारं उदाहरण, आणि त्यासाठी दोन ओळी शेजारी-शेजारी लिहाव्या लागल्या. पहिली: खरेदी 600, नफा शेकडा 20, विक्री किती? दुसरी: विक्री 600, नफा शेकडा 20, खरेदी किती? दोन्हींत आकडे तेच, फक्त 600 ची जागा बदललेली. पहिलीचं उत्तर 720, दुसरीचं 500. ती बराच वेळ दोन्ही ओळींवर बोट फिरवत राहिली आणि मग तिने विचारलं, “म्हणजे वीस टक्के घेतलेल्या किमतीवरच?” एवढा वेळ अडलेला प्रश्न आत्ता कुठे शब्दांत आला होता. हा प्रश्न आल्याशिवाय पुढची दहा उदाहरणं घालण्यात अर्थ नसतो, असं मला वाटतं. आणि प्रश्न आल्यावर मात्र सराव भरपूर हवा. मग तोट्याची, सवलतीची उदाहरणंही घालावीत, नाहीतर मूल ‘120 ला 100’ एवढंच पाठ करून तोट्यातही तेच लावतं.

त्यानंतर तिने नवं उदाहरण बनवलं. आधी वहीच्या कोपऱ्यात 350 लिहिले, त्यावर वीस टक्क्यांचे 70 चढवले, आणि शेजारच्या मुलाला विचारलं: विक्री 420, नफा शेकडा 20, खरेदी सांग. त्याने 336 सांगितले. ती म्हणाली, “मग 336 वर वीस टक्के चढवून बघ, 420 येतात का.” त्याने गुणाकार केला. आले 403 रुपये 20 पैसे.