गोंदण परत आणताना

साखऱ्यासारख्या गावात फोटोचं काम म्हणजे लग्नं, बारशी, पासपोर्ट साइज आणि तेराव्याला लागणारी फ्रेम. या शेवटच्या कामात अलीकडे एक नवी अडचण येऊ लागली आहे. घरातलं कुणीतरी पोर मोबाइलवरच्या ॲपमध्ये म्हातारीचा फोटो टाकतं, मळक्या लुगड्याच्या जागी पैठणी मागतं, मागची भिंत बदलून घेतं. पैठणी छान येते. चेहरा मात्र दुसऱ्याच बाईचा होतो.

असाच एक फोटो माझ्याकडे आला. आजीच्या धाकट्या भावानं तो पाहिला आणि म्हणाला, "ही आमची आक्का नाही." नाक तेच, डोळे तेच, पण कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण गेलं होतं. गालावरचे देवीचे वणही बुजले होते. भारतात देवीचा शेवटचा रुग्ण 1975 साली सापडला. तेव्हा असे वण असलेल्या चेहऱ्यांची ही शेवटची पिढी आहे. ते पुसले जाणं मला साधी गोष्ट वाटत नाही.

हे का होतं ते आकड्यांत दिसतं. मूळ फोटो 3000 बाय 4000 पिक्सेलचा, त्यात चेहऱ्याची रुंदी सुमारे 700. ॲपनं परत दिला तो 768 बाय 1024, म्हणजे चेहरा उरला जेमतेम 180. त्यातही अशी बरीचशी मॉडेलं आधी चित्र दोन्ही बाजूंनी आठपट आवळतात आणि त्या आवळलेल्या रूपावर काम करून ते पुन्हा उलगडतात. मूळ फोटोत 16 पिक्सेलचा असलेला गोंदणाचा ठिपका छोट्या फोटोत 4 पिक्सेल होतो आणि आवळल्यावर एका घराच्या निम्म्यात मावतो. उलगडताना त्या जागी मॉडेल आपल्या समजुतीची कातडी भरतं.

यावर लोक दुसरं ॲप लावतात, चेहरा स्पष्ट करणारं. जीएफपीगॅन आणि कोडफॉर्मर ही त्यातली माहितीतली नावं. धुरकट चेहरा त्यांनी लख्ख होतो हे खरं. पण ही मॉडेलं प्रामुख्यानं फ्लिकरवरून घेतलेल्या 70,000 चेहऱ्यांच्या संग्रहावर शिकली. तिथे फोटो टाकणाऱ्यांत गोंदलेल्या कपाळाच्या म्हाताऱ्या कितीशा असणार? पापण्या, रंध्रं सगळं येतं, पण ते आजीचं नसतं. कोडफॉर्मरमध्ये मूळ रूपाशी किती इमान राखायचं याची कळ आहे. ती पूर्ण फिरवली तरी आत दिलेल्या चित्रात नसलेलं गोंदण ती कुठून आणणार? ते फक्त मूळ फोटोत आहे.

म्हणून नातवाकडून मूळ फोटो मागवला, तोही व्हॉट्सॲपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा पाठवला की तो दाबला जातो, आणि बारकावे उठवताना दाबलेल्या फोटोतले चौकोनच आधी वर येतात. मग ॲपचा फोटो मूळ मापाला मोठा केला. बरेच जण उलट करतात, मूळ फोटो लहान करून बसवतात, आणि वाचवायचं तेच घालवतात. मूळ थर वर ठेवून Difference लावलं. दोन थर जिथे जुळतात तिथे काळं दिसतं. डोळ्यांचे कोपरे जुळले, पण जबड्याला उजळ कड राहिली: ॲपनं जबडाही अरुंद केला होता. खालचा थर Liquify मध्ये हलकेच ओढून मूळ कडेला आणला. मान वळलेली असती तर हा मार्गच बंद होता. मग ॲपमधलं काम चेहरा वगळून पुन्हा करावं लागलं असतं.

मूळ चेहरा सरळ चिकटवता आला नाही, कारण तो ओसरीतल्या दुपारच्या उजेडातला होता आणि पैठणीवरचा उजेड डावीकडून येणारा. अशा वेळी मूळ फोटोची पुसट प्रत त्यातूनच वजा करतात. उरतात ते फक्त बारकावे. ते Linear Light मध्ये नव्या चेहऱ्यावर बसतात आणि उजेड खालच्या थराचाच राहतो. पुसटपणाची त्रिज्या 3 पिक्सेल ठेवली तेव्हा सुरकुत्या आल्या, पण गोंदणाच्या जागी नुसती पोकळ कडी आली. ठिपक्याच्या रुंदीपेक्षा त्रिज्या लहान असली की त्याचा मधला रंग वजाबाकीत जातो. ती 20 केली आणि निळसर हिरवा ठिपका भरून आला. त्याबरोबर नाकाशेजारची जुनी सावलीही आली. म्हणून मास्क लावून मोठ्या त्रिज्येचा थर फक्त कपाळावर, हनुवटीवर आणि वणांवर ठेवला; बाकी गालाला लहान त्रिज्या पुरली. शेवटी पैठणीवर थोडे रवे टाकले, नाहीतर चेहरा खरखरीत आणि कापड काचेसारखं दिसतं.

छपाईआधी फोटो आजीच्या भावाला दाखवला, नातवाला नाही. चाळिशीनंतरचा चेहरा नातवाला माहीत असतो. गोंदण कुठे किती ठिपक्यांचं होतं हे भावालाच ठाऊक.

ज्यांच्या घरात असे चेहरे आहेत त्यांना एकच विनंती. कपडे, भिंत, काय हवं ते बदला, पण मूळ फोटो मोबाइलमधून पुसू नका. तो गेला तर आजीचं गोंदण परत आणणं कुणाच्याच हातात राहत नाही.